सोळा लाखांवर बरोबर येणारं चुकीचं सूत्र

गोव्यातल्या एका जोडप्याचा 2025-26 या आर्थिक वर्षाचा कर स्प्रेडशीटवर काढायचा आहे. नवऱ्याचा पगार प्रमाणित वजावटीचे 75,000 वगळून 9,00,000 रुपये. दोघांच्या गेस्ट हाउसचा निव्वळ नफा 14,00,000. बायकोला पगार नाही. कर नव्या प्रणालीनुसार.

दोघांना पोर्तुगीज नागरी संहितेतली सामाईक मालमत्तेची पद्धत लागू असेल, तर आयकर कायदा 1961 च्या कलम 5अ प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं वाटलं जातं. पगार मात्र ज्याचा त्याचा. B मध्ये ज्याचा त्याचा पगार, C मध्ये दोघांच्याही ओळीत पूर्ण सामाईक नफा धरला तर D मधली करपात्र रक्कम अशी:

```
=B2+C2/2
```

नवऱ्याचे होतात 16,00,000 आणि बायकोचे 7,00,000. इथे कोणी `=(B2+C2)/2` लिहिलं, तर पगारही निम्मा होतो. नवऱ्याच्या नावावर साडेअकरा लाखच पडतात, बायकोचे सात लाख तसेच राहतात, दोघंही 12 लाखांच्या सवलतीत बसतात आणि कर येतो शून्य. खरा कर उपकराआधी 1,20,000 आहे. एका कंसाची किंमत! शून्य पाहून माणूस खूश होतो, त्यामुळे ही चूक कोणी शोधायलाही जात नाही.

आता स्लॅब. विजेच्या बिलात पहिल्या टप्प्याच्या वरच्या युनिट्सनाच पुढचा दर लागतो, तसंच इथे. F2 ते H8 मध्ये कोष्टक मांडा. F मध्ये टप्प्याची सुरुवात: 0, 4, 8, 12, 16, 20 आणि 24 लाख, अर्थात पूर्ण आकड्यांत. G मध्ये तिथपर्यंत साचलेला कर: 0, 0, 20,000, 60,000, 1,20,000, 2,00,000, 3,00,000. H मध्ये पुढचा दर: 0 पासून 5-5 टक्क्यांनी चढत 30 टक्के.

```
=VLOOKUP(D2,$F$2:$H$8,2,TRUE)
 +(D2-VLOOKUP(D2,$F$2:$H$8,1,TRUE))
 *VLOOKUP(D2,$F$2:$H$8,3,TRUE)
```

`TRUE` म्हणजे तोच आकडा नाही सापडला तर त्याच्या खालचा जवळचा घे. म्हणूनच F चा स्तंभ चढत्या क्रमाने हवा. `FALSE` लिहिलं तर तंतोतंत जुळणारा आकडाच लागतो. गंमत अशी की आपल्या नवऱ्याचं उत्पन्न नेमकं 16,00,000 आहे, ते कोष्टकात जसंच्या तसं सापडतं आणि `FALSE` असलेलं सूत्रही 1,20,000 बरोबर देतं. बायकोच्या 7,00,000 वर मात्र लगेच `#N/A` येतं. म्हणजे एकच उदाहरण, तेही गोल आकड्याचं, तपासणीला पुरत नाही.

एकात एक `IF` घालणाऱ्यांची नेहमीची चूक वेगळी असते:

```
=IF(D2>400000,(D2-400000)*5%,IF(D2>800000,...
```

पहिलीच अट खरी ठरली की पुढच्या अटींकडे सूत्र बघतही नाही. सोळा लाखांवर 60,000 येतात, बरोबर निम्मे. आणि बायकोच्या 7,00,000 वर उत्तर अगदी बरोबर, 15,000! `>` वापरत असाल तर सर्वांत मोठी अट आधी लिहा.

खरी परीक्षा टप्प्याच्या सीमेवर. 7,99,900, 8,00,000 आणि 8,00,100 टाकून पाहा: 19,995, 20,000 आणि 20,010 यायला हवेत. कर सीमेवर उडी मारत नाही, फक्त चढ तीव्र होतो. VLOOKUP नेमक्या 8,00,000 ला वरच्या टप्प्यात टाकतो, `>` वाला IF खालच्या, तरी दोघांचं उत्तर एकच, कारण वरच्या टप्प्यात अजून एक रुपयाही गेलेला नाही. IF मध्येही G चेच साचलेले आकडे घेऊन दोन्ही सूत्रं शेजारी ठेवा. फक्त सीमेवर फरक दिसला तर G मधला एखादा साचलेला आकडा चुकलाय. दर थेट पूर्ण उत्पन्नाला लावला असेल, तर आठ लाखांवर चक्क 80,000 येतील.

उडी दिसू शकते ती फक्त सवलतीपाशी. करपात्र 12,00,000 पर्यंत निवासी व्यक्तीचा स्लॅबचा कर माफ होतो. वर गेलं तर कर त्या वरच्या रकमेहून जास्त घेत नाहीत. स्लॅबचा कर I2 मध्ये असेल तर:

```
=IF(D2<=1200000,0,MIN(I2,D2-1200000))
```

12,10,000 वर स्लॅबप्रमाणे 61,500 होतात, भरायचे 10,000. `MIN` विसरलात तर बारा लाखांवर एक रुपया जास्त असला तरी साठ हजारांचा भुर्दंड. हा दिलासा 12,70,588 च्या आसपास संपतो, म्हणून 12,70,000 वर 70,000 आणि 12,71,000 वर 70,650 येतात का पाहा. भांडवली नफ्यासारखं वेगळ्या दराचं उत्पन्न आणि 50 लाखांवरचा अधिभार या सूत्रात नाही. 4 टक्के उपकर सगळ्यात शेवटी लावा, म्हणजे नवऱ्याचे 1,20,000 होतील 1,24,800. बायकोचे 15,000 सवलतीत जातात, तिथे उपकरही शून्यच.