‘अपील टाकलंय’ म्हणजे नक्की काय टाकलंय?

ब्रिटनचा व्हिसा नाकारला गेला की आपल्याकडे सरसकट ‘अपील टाकलंय’ म्हणतात. विद्यार्थी आणि नोकरीच्या व्हिसावर बहुतेकदा अपील नसतंच. असतो तो अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू. एजंटही दोन्हींना अपीलच म्हणतात, याचा मला खरोखर वैताग येतो.

अपील सगळ्यांना ठाऊक असतं: स्वतंत्र न्यायाधिकरण, न्यायाधीश, सुनावणी. २०१५पासून ते मुख्यतः आश्रय, मानवी हक्क (यात जोडीदार-मुलांचे अर्ज बहुधा येतात) आणि युरोपीय नागरिकांच्या सेटलमेंट योजनेपुरतं उरलंय.

रिव्ह्यूमध्ये फाइल गृहखात्यातच राहते, फक्त दुसरा अधिकारी ती उघडतो. फी ८० पौंड. तो एवढंच बघतो की समोर असलेल्या कागदांवरून पहिल्या अधिकाऱ्याने निर्णय चुकीचा दिला का. तुम्ही व्हिसाला पात्र आहात का, हे नव्याने तपासणं त्याचं काम नाही. लोक अडखळतात ते इथेच.

समजा, पुण्याच्या मुलीने विद्यार्थी व्हिसासाठी १० मार्चला अर्ज केला. खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस हवी. तिने जोडलेलं स्टेटमेंट ५ ते २८ फेब्रुवारीचं, म्हणजे २४ दिवसांचं. पैसे महिनाभर होते, पण आधीचं पान घरीच राहिलं. नकार आला. आता ते पान जोडून रिव्ह्यू मागितला तर उपयोग शून्य, कारण अधिकारी चुकलाच नव्हता. मोजके अपवाद सोडले तर नवा कागद बघतच नाहीत. तिने नवा अर्ज करावा. त्यासाठी विद्यापीठाकडून नवा सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का असल्याचा संदर्भ क्रमांक, घ्यावा लागेल, कारण जुना वापरला गेला. तेच पान अर्जासोबत होतं आणि अधिकाऱ्याने ते वाचलंच नाही, तर मात्र रिव्ह्यूच मागावा, आणि ते पान कुठल्या फाइलमध्ये होतं ते नेमकं लिहावं. नकारपत्रातलं वाक्य दोन्हीकडे सारखंच असू शकतं, म्हणून आधी आपण अपलोड केलेल्या फाइल उघडून बघा.

मानवी हक्कांच्या अपिलात न्यायाधीश नकारानंतरचे पुरावेही बघू शकतो. रिव्ह्यूच्या अर्जात पानभर कौटुंबिक अडचणी लिहिणारे हेच दोन्ही मार्ग एकमेकांत मिसळतात.

रिव्ह्यू मागायची मुदत परदेशातून २८ दिवस, ब्रिटनमधून १४. (हे २८ आणि बँकेचे २८ यांचा काही संबंध नाही.) ब्रिटनमध्ये राहून जुना व्हिसा संपण्याआधी मुदतवाढ मागितली असेल, तर वेळेत मागितलेला रिव्ह्यू प्रलंबित असेपर्यंत जुन्या अटींवर राहता येतं, कामही करता येतं. मधेच ‘सुरक्षित असावं’ म्हणून व्हिसाचा नवा अर्ज टाकलात तर रिव्ह्यू मागे घेतला असं धरतात आणि ते संरक्षणही हातचं जातं.

टूरिस्ट व्हिसाला रिव्ह्यू नाही. नागरिकत्वाचा अर्ज नाकारला तर रिव्ह्यूही नाही, अपीलही नाही: फेरविचाराची विनंती करायची, नाहीतर हायकोर्टात न्यायालयीन पुनर्विलोकन मागायचं.