०.९९९… आणि १ : फरक नेमका किती?

"०.९९९… कितीही लांबवा, एकाला थोडं कमीच पडणार ना?"

खानापूर स्टँडवर चहा पिताना मित्राचं हेच म्हणणं होतं. म्हटलं, "किती कमी, सांग."

"०.००१."

तीन नऊंनंतर तेवढाच फरक उरतो. चौथा नऊ लिहिला की ०.०००१. तो आणखी लहान आकडा सांगायचा, मी नऊ वाढवायचो. शून्याहून मोठा कुठलाच फरक टिकेना. नऊ मध्येच थांबवले तर संख्या एकाहून कमीच, हे त्याचं बरोबर. पण इथं ते थांबतच नाहीत.

"शेवटी एक तरी उरंल की लेका!"

"शेवटच नाही, तर तो एक लिहिणार कुठं?"

मग त्यानं कागदावर १ ला ३ नं भागलं: ०.३३३…, दर वेळी बाकी १. ०.३३३… आणि एक तृतीयांश, दोन्हींची तिप्पट केली. एकीकडं ०.९९९…, दुसरीकडं १.