पत्रकावरचा 'क्लास ए' आणि गल्लीतलं छप्पर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरावर नवा पत्रा घालायला निघालं की दुकानदार एक रंगीत पत्रक पुढे करतो. त्यावर जाडी, रंग आणि वॉरंटीच्या खाली हल्ली आणखी एक ओळ असते : 'क्लास ए फायर रेटिंग'. पत्रक इंग्रजीत आणि मंजुरीचे कागद कन्नडमध्ये असतात, तर घरात चर्चा मराठीत होते. या तीन भाषांतून त्या ओळीचा अर्थ 'अग्निरोधक', म्हणजे 'याला आग लागत नाही', इथपर्यंत येऊन थांबतो. ती ओळ नेमकी काय सांगते हे कळायला तिचं मूळ थोडं मागे जाऊन पाहावं लागतं.

छपराची आग ही मुळात शेजाऱ्याची आग आहे. आपल्या चुलीतून पेटलेलं घर हा वेगळा प्रश्न. शेजारचं घर किंवा कडब्याची गंजी पेटली आणि इंगळ वाऱ्यावर उडून आपल्या पाख्यावर पडला, तर पुढे काय होतं, हा छपराचा प्रश्न. जुन्या काळी यावर एकच उपाय माहीत होता : पेटणारी वस्तू वर घालूच द्यायची नाही. लंडनमध्ये 1212च्या मोठ्या आगीनंतर गवती छपरांवर बंदी आली. आपला भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हा 1901च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानेही हाच मार्ग धरला. छपराला आणि बाहेरच्या भिंतीला ज्वलनशील साहित्य वापरायला मनाई करण्याचा अधिकार पालिकेला मिळाला. 1956 नंतर कायदे बेंगळुरूहून येऊ लागले, तरी विचार तोच राहिला. गवत, पाने, चटया, कापड यांची छपरं परवानगीशिवाय नकोत, एवढीच भाषा.

त्या काळात ही भाषा पुरेशी होती, कारण निवड सोपी होती. एका बाजूला काडाचं किंवा उसाच्या पाल्याचं शाकार, दुसऱ्या बाजूला कौल. मंगळूरला 1865 साली कौलांचा कारखाना निघाला, पुढे ती चापट, खाच असलेली कौलं घाटावरही आली आणि खानापूरच्या मातीनेही कौलं दिली. पेटणारं आणि न पेटणारं असे दोनच गट असल्यावर वर्गवारीची गरज कुणाला वाटेल? अथणीकडच्या धाब्याच्या घरांवर तर मातीच होती.

वर्गवारीची गरज भासली ती मधल्या वस्तूंमुळे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घरांवर लाकडी फळ्यांची कौलं असत. दिसायला नीटस, वजनाला हलकी, पण उन्हात वाळली की काडीसारखी. 17 सप्टेंबर 1923 रोजी बर्कली शहरात डोंगरातली आग उतरली आणि एका दुपारी सुमारे 600 इमारती गेल्या. पेटलेली लाकडी कौलं सुटून वाऱ्याबरोबर पुढच्या गल्लीत पडत होती. म्हणजे छप्पर नुसतं पेटत नव्हतं, ते पुढच्या घरासाठी इंगळ पुरवत होतं. त्यानंतर शहराने लाकडी कौलांविरुद्ध नियम केला आणि लाकूड-व्यापाराच्या दबावाखाली तो लवकरच मागे घेतला. मला तो निर्णय आजही अक्षम्य वाटतो. पण त्या वादातून एक गोष्ट पुढे आली : 'पेटतं की नाही' एवढं विचारून भागत नाही, 'किती, किती वेळात आणि कुठवर' हे मोजावं लागतं.

ही मोजणी अमेरिकेत एएसटीएम या मानक संस्थेच्या 1955च्या ई 108 या चाचणीत बसली. उतरत्या पाख्याचा नमुना करतात, वळचणीकडून ताशी 12 मैलांचा, म्हणजे सेकंदाला सुमारे 5.3 मीटरचा वारा सोडतात आणि तिथेच ज्वाला लावतात. 'ए' वर्गासाठी ती ज्वाला दहा मिनिटं चालते आणि आग पाख्यावर 1.82 मीटरच्या पुढे सरकली तर नमुना नापास. 'बी'साठी ही मर्यादा 2.4 मीटर. 'सी'साठी ज्वाला कमी तापाची आणि चारच मिनिटांची, मर्यादा 4 मीटर. मग येतो निखारा. 'ए'चा निखारा म्हणजे सुमारे एक फूट चौरस, दोन किलोंची लाकडी पट्ट्यांची जाळी, पेटवून पाख्यावर ठेवलेली. 'बी'ची अर्धा किलोची, आणि 'सी'ची दीड इंचाची, दहा ग्रॅमही न भरणारी. खालच्या बाजूला ज्वाला दिसता कामा नये, आणि छपराचा कुठलाही तुकडा जळत उडता कामा नये. बर्कलीची आठवण या शेवटच्या अटीत आहे.

ब्रिटिशांनी 1958 साली वेगळी मांडणी केली, बीएस 476 भाग 3. त्यांनी एकाऐवजी दोन अक्षरं दिली. पहिलं अक्षर आग आरपार कधी जाते ते सांगतं : तासभर गेली नाही तर ए, अर्धा तास ते तासाच्या दरम्यान गेली तर बी, त्याआधी गेली तर सी. दुसरं अक्षर वरच्या पृष्ठभागावर आग किती पसरली ते सांगतं : अजिबात नाही तर ए, 533 मिलिमीटरपर्यंत बी, पुढे गेली तर सी. डी हे अक्षर प्राथमिक चाचणीतच हरलेल्यांसाठी. ही दोन अक्षरं मग अंतराला बांधली. ए-ए, ए-बी, ए-सी छपरं हद्दीला खेटून चालत. बी-ए, बी-बी, बी-सी छपरं हद्दीपासून निदान 6 मीटर हवी असत. त्याखालच्यांना आणखी मोकळीक लागे.

ही अंतराची कल्पना माझ्या मते दोन्ही पद्धतींतली सर्वांत शहाणी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे ती सर्वांत कमी लागू पडते. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत किंवा निपाणीच्या पेठेत दोन घरांमध्ये सामाईक भिंत असते. हद्दीपासूनचं अंतर शून्य. तिथे सहा मीटरचा रकाना कागदावरच राहतो आणि फक्त पहिलं अक्षर ए असलेली छपरं उरतात. आपल्या जुन्या कायद्यांनी अंतर न मोजता थेट साहित्यावर बंदी घातली, त्यामागेही बहुधा ही दाट वस्तीच असावी.

आता पत्रकावरच्या 'क्लास ए'कडे. गोंधळ असा की 'ए' हे अक्षर दोन अमेरिकन चाचण्यांत आहे. एक वर सांगितलेली, छपराची. दुसरी एएसटीएम ई 84, भिंती आणि आढ्याखालच्या सजावटीची. हिच्यात नमुना सुमारे सव्वासात मीटर लांबीच्या बोगद्याच्या वरच्या अंगाला आडवा लावतात आणि खालून ज्वाला सोडतात. ज्वाला-प्रसाराचा आकडा 25 किंवा त्याखाली आला की तोही 'क्लास ए'. इथे ना उतार, ना निखारा, ना आरपार जाण्याची परीक्षा. भारतीय मानकातले ज्वाला-प्रसाराचे वर्ग 1 ते 4 (आयएस 12777) याच जातीचे, आतल्या पृष्ठभागांसाठीचे. राष्ट्रीय इमारत संहितेत ते खोलीच्या, जिन्याच्या, वऱ्हांड्याच्या आतल्या बाजूंना लावतात. फोम भरलेल्या पॅनलचं पत्रक नुसतं 'क्लास ए' किंवा 'क्लास 1' म्हणत असेल, तर बहुतेक वेळा ते आतल्या परीक्षेचं गुणपत्रक असतं. ओळखायची खूण सोपी : वर्गाशेजारी चाचणीचा क्रमांक आहे का, आणि तो ई 108 किंवा तिच्याच जोडीची छपराची अमेरिकन चाचणी यूएल 790 हा आहे का? क्रमांकच नसेल तर ती ओळ विसरून जावी.

युरोपने यात आणखी एक पदर घातला. त्यांच्याकडे छपरासाठीच्या बीरूफ या वर्गापुढे कंसात टी1 ते टी4 असतं, कारण चार देशगटांच्या चार चाचण्या एकत्र आणता आल्या नाहीत. टी1मध्ये पेटती टोपली ठेवतात, वारा नाही, बाहेरून उष्णता नाही. टी4मध्ये निखारा, वारा आणि उष्णता तिन्ही. त्यामुळे कंसातला आकडा गाळून वर्ग सांगणं म्हणजे अर्धी माहिती. मात्र 2000 सालच्या युरोपीय यादीचा इथे उपयोग होतो. मातीची कौलं, नैसर्गिक स्लेट, सिमेंटचे पत्रे आणि निदान 0.4 मिलिमीटर जाडीचा नालीदार स्टील पत्रा यांना त्यांनी चाचणीशिवाय पास केलं. रंगाच्या थराला वेगळी मर्यादा आहे, पण आपल्या बाजारातल्या रंगीत पत्र्याचा पातळ थर तिच्यात सहज बसतो. आपल्याकडे 0.35चा पत्राही सर्रास विकला जातो, तो मात्र या यादीच्या बाहेर.

खानापूर तालुक्यातलं एक नेहमीचं घर डोळ्यापुढे आणावं. पुढचं पाखं 0.50चा रंगीत पत्रा, लोखंडी अँगलवर. मधलं जुनं पाखं कौलाचं, सागवानी वासे आणि रीप, खाली माळ्यावर कडबा. मागे गोठ्यावर तोच 0.50चा पत्रा, पण जुन्या लाकडावर आणि खाली उकाड्यासाठी तट्ट्या ठोकलेल्या. त्यात उजेडासाठी फायबरची एक पारदर्शक पट्टी. पुढचं पाखं निश्चिंत. गोठ्याचा पत्रा तोच असूनही त्याचा वर्ग तोच राहत नाही, कारण वर पेटता निखारा पडला की पत्रा तापतो आणि खालचं लाकूड, तट्ट्या धुमसू लागतात. अमेरिकन नियमही धातूच्या पत्र्याला न जळणाऱ्या बैठकीवरच आपोआप 'ए' देतात. वर्ग पत्र्याचा नसतो, वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या थरांचा मिळून असतो. आणि पारदर्शक पट्टीपुरतं त्या छपरात भोकच आहे : राळ जळते, काचतंतूंची जाळी उरते, ठिणग्या खाली.

कौलाच्या पाख्याची गोष्ट वेगळी. कौल जळत नाही, निखारा वर ठेवला तर ते पास होईल. पण चाचणीत निखारा वरून ठेवतात, खरा इंगळ वाऱ्याबरोबर वळचणीतून आत शिरतो. खापरी कौलांची तोंडं वळचणीला उघडी असतात आणि त्यात चिमण्यांनी घरटी केलेली असतात. वाळलेल्या गवताचा तो बोळा आत कडब्यापर्यंत पोचायला पुरेसा असतो. कॅलिफोर्नियात 2008पासून वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना वळचणीकडच्या या फटी बुजवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे शाकारणीच्या वेळी फुटकी कौलं बदलतात, कोन्यांना चुना-सिमेंट लावतात. वळचणीची तोंडं मातीने किंवा सिमेंटने बंद करण्याचं काम त्याच चार दिवसांत होऊ शकतं. मात्र शाकारणी वैशाखात होते आणि उसाचा पाला पेटवण्याचे दिवस त्याच्या कितीतरी आधी, गळीत हंगामात सुरू होतात. म्हणजे इंगळ उडायचे बरेचसे दिवस घर मागच्या वर्षीच्या घरट्यांसकटच काढतं.