गुळाचा खडा आणि शौचाचा खडा

जेवण झालं की माझी आत्या फडताळातला डबा काढते, सुपारीएवढा गूळ फोडून तोंडात टाकते आणि वर तांब्याभर पाणी पिते. दुपारी एकदा, रात्री एकदा. गेल्या उन्हाळ्यात तीन महिने तिला शौचाला खडा होत होता. कुंथून कुंथून घाम फुटायचा आणि पडायच्या त्या शेळीच्या लेंड्यांसारख्या गोळ्या. गूळ वाढला, मग सकाळी कोमट पाण्यात मध सुरू झाला, बाजारच्या दिवशी उसाचा रस, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून शहाळं. "अगं, गोडानं आतडं सुटतं," ती मला ठामपणे सांगायची. खडा मात्र होता तसाच होता.

आत्याचं म्हणणं अगदी निराधार नाही. काही साखरा खरोखर शौच मऊ करतात, त्यांचं औषधही मिळतं. पण त्या कोणत्या आणि का, हे कळलं की गूळ, मध, रस आणि शहाळं यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते आपोआप लक्षात येतं.

आधी शौच घट्ट होतं कशानं ते पाहू. आपल्या लहान आतड्यात रोज सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातलं जेमतेम २ लिटर आपण खाल्ल्याप्यायलेलं असतं, बाकीची लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्वतःचे स्राव. लहान आतडं त्यातलं बहुतेक पाणी परत शोषून घेतं. मोठ्या आतड्यात एक ते दीड लिटर पोचतं, तेही तिथे शोषलं जातं आणि शौचावाटे बाहेर पडतं फक्त १०० ते २०० मिली. मऊ शौचात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. मल मोठ्या आतड्यात जितका जास्त वेळ रेंगाळेल तितकं त्यातलं पाणी ओढलं जातं आणि तो कोरडा, गाठीगाठीचा होतो. तेव्हा शौच मऊ करायचं तर दोनच वाटा उरतात. मल लवकर पुढे सरकला पाहिजे, नाहीतर पाण्याला मोठ्या आतड्यात धरून ठेवणारं काहीतरी तिथपर्यंत पोचलं पाहिजे.

या "पोचलं पाहिजे" मध्येच गुळाची सगळी गोष्ट आहे. गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज, आपल्या नेहमीच्या साखरेतला तोच रेणू, सोबत थोडं ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि चिमूटभर खनिजं. लहान आतड्याच्या भिंतीवर सुक्रोज तोडणारं एक विकर असतं. ते त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि दोन्ही तिथूनच रक्तात जातात. सुपारीएवढ्या, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास गुळातलं मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. पाणी धरायला तिथे कोणी नसतंच.

आता याच्या शेजारी लॅक्ट्युलोजची बाटली ठेवा. बद्धकोष्ठतेवर डॉक्टर देतात ते गोड, चिकट पातळ औषध. तीही साखरच आहे, तिच्याही रेणूत दोन साखरा जोडलेल्या आहेत: गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज. फरक एवढाच की त्यांच्यामधला सांधा तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही. त्यामुळे ती न पचता थेट मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिची आम्लं बनवतात आणि साखर व आम्लं मिळून पाणी धरून ठेवतात. १५ मिलीच्या मात्रेत साधारण १० ग्रॅम लॅक्ट्युलोज असतं, म्हणजे वजन आत्याच्या खड्याएवढंच. एक रक्तात जाऊन चाळीसेक कॅलरी देतो, दुसरं एकदोन दिवसांत मळ मऊ करतं आणि थोडे गॅसही करतं.

गुळाच्या बाजूनं एक मुद्दा हमखास पुढे येतो, की त्यात मॅग्नेशियम असतं आणि मॅग्नेशियम रेचक आहे. दोन्ही खरं आहे, फक्त प्रमाण बघायला हवं. १०० ग्रॅम गुळात साधारण ७० ते ९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, म्हणजे खड्यात ७ ते ९. मिल्क ऑफ मॅग्नेशिया या रेचक औषधाच्या ३० मिली मात्रेत ते सुमारे १००० मिलिग्रॅम असतं. तेवढं गुळातून मिळवायचं तर किलोभरापेक्षा जास्त गूळ खावा लागेल.

उसाच्या रसाचं गणितही हेच, फक्त मोठ्या ग्लासात. २५० मिली रसात साधारण ३० ते ३५ ग्रॅम साखर असते आणि ती बहुतेक सुक्रोजच. ज्याच्यामुळे शौचाला आकार आणि ओलावा आला असता तो उसाचा तंतू रसवंतीच्या चरकातून चिपाड होऊन बाहेर पडतो आणि मागच्या ढिगात जातो. "रस प्यायल्यावर माझं पोट लगेच साफ होतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एक तपासून पाहावं: शौच मऊ, बांधलेलं होतं की पाण्यासारखं, कळ येऊन, दोनतीनदा? दुसरं असेल तर शंका बर्फावर, ग्लास बुचकळलेल्या बादलीवर आणि न धुतलेल्या उसावर घ्यायला हवी. तो जंतुसंसर्ग आहे, पोट साफ होणं नव्हे. रस प्यायचाच तर समोर धुतलेल्या उसाचा, बर्फाशिवाय घ्यावा.

चौघांत मधाची बाजू थोडी वेगळी आहे. मधात फ्रुक्टोज सुमारे ३८ टक्के आणि ग्लुकोज ३१ टक्के, म्हणजे फ्रुक्टोज जास्त. लहान आतडं ग्लुकोज भराभर शोषतं, पण फ्रुक्टोजच्या बाबतीत त्याची क्षमता मर्यादित असते. सोबत तेवढंच ग्लुकोज असेल तर फ्रुक्टोज बरं शोषलं जातं, म्हणूनच गूळ आणि रसातल्या फ्रुक्टोजचा त्रास होत नाही. मधातलं वरचं फ्रुक्टोज काही लोकांत शोषल्याविना पुढे सरकतं आणि लॅक्ट्युलोजसारखंच वागतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी लोकांना एका वेळी ५० ते १०० ग्रॅम मध देऊन हे दिसलं होतं. पण आत्याचा मोठा चमचा २० ग्रॅमचा, त्यात फ्रुक्टोज जास्तीचं दीड ग्रॅमच्या आत. एवढ्यानं खडा हलत नाही. आणि १०० ग्रॅम मध रोज खाणं हा उपाय होऊ शकत नाही, त्यात पाऊणशे ग्रॅमहून जास्त साखर असते.

मधाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तान्ह्या बाळांची. बाळाला दोन दिवस शी झाली नाही की गुटी मधात उगाळून चाटवणारी घरं आजही आहेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही चाटवू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. घात असा की या आजाराचं पहिलं लक्षण बहुतेकदा बद्धकोष्ठताच असते. मग बाळ नीट ओढून पीत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान धरली जात नाही. असं काही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. मध घरचा असो, शुद्ध असो, गरम केलेला असो, धोका तोच, कारण घरच्या उकळण्यानं हे बीजाणू मरत नाहीत.

शहाळ्याकडे पाणी म्हणून पाहावं. त्यात साखर कमी, पोटॅशियम भरपूर. पण ९ लिटरच्या त्या रोजच्या व्यवहारात एका शहाळ्याचं २५०-३०० मिली पाणी लहान आतडंच उचलतं आणि ते लघवीवाटे जातं. पाणी पुरेसं पिणाऱ्या माणसाला शहाळ्यानं शौच मऊ होत नाही. ज्याच्या अंगातलं पाणी खरोखर कमी झालंय, वैशाखात दिवसभर शेतात राबलेला, ताप येऊन गेलेला, लघवी गडद पिवळी होणारा, त्याची गोष्ट वेगळी. शरीर तेव्हा मोठ्या आतड्यातून पाण्याचा थेंब थेंब ओढून घेतं. अशा वेळी शहाळं, रस, गूळ-पाणी, ताक सगळ्यांचाच उपयोग होतो. उन्हातून आलेल्याच्या हातात गूळ-पाणी ठेवायच्या आपल्या रीतीत आतड्याच्या दृष्टीनं कामाचं असतं ते पाणी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं त्या घेणाऱ्यांनी रोजचं शहाळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

आत्याकडे परत येते. मी तिच्या गोळ्यांचा डबा उघडून बसले तेव्हा उलगडा झाला. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची आणि गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळी, दोन्ही बरोबर तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या. दोन्हींनी शौच घट्ट होऊ शकतं. शिवाय गुडघ्यांमुळे ती कमोड वापरायला लागली होती आणि पाय अधांतरी राहात होते. डॉक्टरांनी लोह एक दिवसाआड केलं, पहिला आठवडा रात्री १५ मिली लॅक्ट्युलोज आणि रोज दोन चहाचे चमचे इसबगोल दिलं. इसबगोल हा तंतू असा की तो पचत नाही, स्वतःच्या कितीतरी पट पाणी धरून मऊ गोळा होतो. तो मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी, कारण कमी पाण्यात तो वाटेतच फुगून अडकू शकतो. बाकीच्या गोळ्या त्याच्यापासून दोन तास लांब. कमोडपुढे पायाखाली एक पाट आला आणि सकाळच्या चहानंतर वीस मिनिटांत बसायची वेळ ठरली, कारण पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं.

तिसऱ्या दिवशी गाठी मोकळ्या झाल्या, दहाव्या दिवशी कुंथणं थांबलं. मध आणि रस बंद झाले, रक्तातली साखर आधीच काठावर होती. दुपारच्या जेवणानंतरचा खडा चालू आहे, आता हरभऱ्याएवढा, आवडतो म्हणून. तिला मी एवढंच लिहून दिलंय की शौचातून रक्त पडलं, वजन उगाच उतरलं, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा शौचाची सवय पुन्हा अशी अचानक बदलली, तर डब्याकडे न जाता मला फोन करायचा.