गुळवेलीचा काढा आणि उशिरा दिसणारी कावीळ

तापात गुळवेलीचा काढा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेद तिला गुडूची किंवा अमृता म्हणतो आणि ज्वरावरील औषधांत तिचे स्थान वरचे आहे. कोविडच्या साथीत मात्र तिचा वापर बदलला. चार दिवसांच्या तापासाठी घ्यायची वनस्पती ‘प्रतिकारशक्ती’साठी महिनोन्‌महिने, ताप नसतानाही, रोज घेतली जाऊ लागली. आयुष मंत्रालयाच्या साथीच्या काळातील मार्गदर्शनात गुळवेलीचे अर्क व चूर्ण पंधरा दिवस ते महिनाभर घेण्याचा उल्लेख होता; घरोघरी मात्र मुदत कोणी मोजली नाही.

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. हे सर्व गुळवेल घेत होते आणि यकृताला इजा झाल्याने दाखल झाले होते. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे ४६ दिवसांचा होता. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे. पहिल्या आठवड्यात काही झाले नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि दीड महिन्याने कावीळ झाली की काढ्याचा संशय त्याच्या मनातही येत नाही.

हा उशीर का होतो, याचे उत्तर इजेच्या स्वरूपात सापडते. गुळवेलीतील काही बहुशर्करा रोगप्रतिकारक पेशींना चेतवतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. तिची ख्याती त्यावरच उभी आहे. पण बऱ्याच रुग्णांच्या यकृताच्या बायोप्सीत स्वतःच्याच प्रतिकारपेशींनी यकृतावर हल्ला केल्याच्या, म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिससारख्या, खुणा आढळल्या. ज्यांच्यात असा कल आधीपासून दबलेला असतो, उदाहरणार्थ ऑटोइम्यून थायरॉइडचा विकार असलेले, त्यांच्यात गुळवेल तो उघड करत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. हा कयास आहे, सिद्ध साखळी नव्हे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. थायरॉइडची गोळी घेणारी पन्नाशीतील एक स्त्री रोज सकाळी खोडाचा बोटभर तुकडा ठेचून, उकळून पिते. सातव्या आठवड्यात तिला थकवा येतो, अन्नावरची वासना जाते, लघवी चहासारखी गडद होते आणि मग डोळे पिवळे दिसू लागतात. तपासणीत एसजीपीटी ९०० येते (सामान्यतः ते साधारण ४०पर्यंत असते) आणि बिलिरुबिन ८. एवढ्यावर गुळवेलीला दोषी ठरवता येत नाही. हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई यांच्या चाचण्या, पोटाची सोनोग्राफी, दारूची आणि इतर औषधांची चौकशी हे सगळे आधी उरकावे लागते. ताप असेल तर अडचण आणखी वाढते, कारण डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिस यांतही यकृताची एन्झाइमे चढतात आणि तापासाठी जास्त घेतलेली पॅरासिटामॉलही तेच करते. बाकी कारणे वगळली गेली, काढा बंद केल्यावर आकडे काही आठवड्यांत सतत उतरत गेले, तरच संशय बळावतो. काहींना स्टेरॉइड द्यावे लागते. ते थांबवल्यावर आजार पुन्हा उसळला, तर तो मुळातच ऑटोइम्यून हिपॅटायटिस असण्याची शक्यता वाढते.

आयुष मंत्रालयाने मुंबईच्या अहवालावर आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, हेच तपासलेले नाही. हा आक्षेप पोकळ नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल. तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा हिच्याही पानांचा आकार हृदयासारखा असतो आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. क्रिस्पाच्या खोडावर ठळक, दाट गाठी असतात, पण खोड कापून वाळवून पूड झाली की हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तरीही ‘ती क्रिस्पा असेल’ एवढे म्हणून सगळे अहवाल झटकून टाकता येत नाहीत, कारण नेमकी वनस्पती माहीत नसणे दोन्ही बाजूंना लागू पडते. शिवाय असंख्य लोकांनी गुळवेल घेऊनही त्यांना काही झाले नाही, हे खरे आहे. तेव्हा इजा विरळ असावी, पण किती विरळ, हे एकूण घेणाऱ्यांची मोजदाद नसल्याने सांगता येत नाही.

यकृताचा जुना आजार, ऑटोइम्यून विकार किंवा गर्भारपण असेल, तर वैद्यांच्या देखरेखीशिवाय गुळवेल सुरू करू नये. रोज घेणाऱ्याने गडद लघवी, अंगाला खाज किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसताच ती त्याच दिवशी थांबवावी आणि डॉक्टरांकडे जावे. जाताना काढ्यासाठी आणलेल्या खोडाचा उरलेला तुकडा किंवा वटीची बाटली टाकून न देता सोबत न्यावी आणि किती दिवसांपासून, किती प्रमाणात घेतली ते लिहून द्यावे. वनस्पती कोणती होती, या प्रश्नाचे उत्तर त्या तुकड्यातूनच मिळू शकते.