धुक्यातले चौकोन

संध्याकाळी सहाला एक्सेल मिटवलं आणि मागचा वॉलपेपर दिसला. वरंधा घाटातला पावसाळी फोटो, जवळजवळ सगळाच राखाडी. त्या धुक्यात मला चौकोन दिसले. अगदी पुसट, वरच्या बाजूला मेनूची पट्टी, खाली रकान्यांच्या रेघा. साडेदहापासून एकच तक्ता उघडा होता, अधेमधे चार आकडे बदलत होते एवढंच. मॉनिटर घेऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे पहिला विचार आला तो वॉरंटीचं बिल कुठे ठेवलंय याचा.

बिल शोधण्याआधी एक स्क्रीनशॉट काढला आणि फोनवर पाठवून पाहिला. फोनवर धुकं स्वच्छ होतं. म्हणजे चौकोन संगणकाने काढलेले नव्हते, ते पडद्यातच उरले होते. खिडकी इकडून तिकडे सरकवली तरी ते जागचे हलत नव्हते. माउसच्या बाणामागे जी सावली क्षणभर ओढली जाते ती वेगळी. तो पिक्सेलचा मंदपणा, आणि तो सेकंदाच्या छोट्या अंशात संपतो. हे चौकोन ठाण मांडून बसले होते.

एलसीडी पडद्यात दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा अगदी पातळ थर असतो. विजेचा दाब दिला की त्याचे रेणू वळतात आणि मागच्या दिव्याचा प्रकाश कमी-जास्त सुटतो. दाब सतत एकाच दिशेने दिला तर हा द्रव खराब होतो, म्हणून पडदा दर फ्रेमला दिशा उलटवतो: एकदा अधिक, एकदा उणे. रेणूंना दिशेशी देणंघेणं नसतं, दोन्ही वेळा ते सारखेच वळतात. आपल्या डोळ्याला काही कळत नाही.

पण हा अधिक-उण्याचा हिशोब कधीच पैन् पै जुळत नाही. थोडी बाकी एका बाजूला उरते, आणि ती पिक्सेल किती उजळ आहे यावरही बदलते. द्रवात नावापुरते का होईना, विद्युतभारित अशुद्ध कण असतातच. ते त्या उरलेल्या दाबाने हळूहळू एका काचेकडे सरकतात आणि तिथल्या अस्तराला चिकटून राहतात. चित्र हलतं असेल तर बाकी इकडेतिकडे वाटली जाते. तक्ता सात तास जागेवर असेल तर पांढऱ्या घराखाली एक साठा होतो आणि काळ्या रेघेखाली दुसरा. मग चित्र बदललं तरी हे साठलेले कण आपला छोटासा दाब पिक्सेलवर देतच राहतात. चौकोन दिसतात ते त्यामुळे.

ओएलइडी पडद्यावरचा डाग याहून वेगळा. तिथे प्रकाश देणारा पदार्थच झिजलेला असतो, आणि झीज भरून येत नाही. इथे कण फक्त चुकीच्या जागी गेलेले असतात. ताण काढला की ते परत द्रवात पसरतात. मात्र महिनोन्महिने एकच चित्र ठेवलं तर तेही पुरते परतत नाहीत. दुकानांतल्या जुन्या दरफलकांच्या पडद्यांवर हे पाहायला मिळतं.

डाग किती आहे हे पाहायचं तर मधला राखाडी रंग लावावा. पूर्ण काळ्या किंवा पूर्ण पांढऱ्यावर दाबातला लहानसा फरक फारसा उमटत नाही, मधल्या राखाडीवर मात्र तो लगेच डोळ्यात भरतो. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ही ओळ टाकायची आणि F11 दाबायचं:

```
data:text/html,<body style="background:gray">
```

माझ्या पडद्यावर तेव्हा रकाने मोजता येत होते. मी मॉनिटर बंद केला आणि चहाला गेलो. अर्ध्या तासाने रेघा फिकट झाल्या होत्या, जेवणानंतर फक्त वरची पट्टी ओळखू येत होती, सकाळी काही नाही. काही मॉनिटरांच्या पुस्तिकांत सरळ हिशोबच दिलेला असतो: चित्र जितका वेळ होतं तितका वेळ पडदा बंद ठेवा. तासाला तास. हा काही निसर्गनियम नव्हे, पण धीर किती धरायचा याचा अंदाज त्यातून येतो. दोन-तीन दिवसांनीही फरक पडला नाही, तर मात्र बिल शोधावं.

पडदा बंद ठेवणं शक्य नसेल तर हलतं चित्र लावावं, साधा पूर्ण पडदाभर व्हिडिओही चालतो. काही मॉनिटरांच्या मेनूत `LCD Conditioning` नावाची सोय असते, ती हेच काम करते. ‘रात्रभर पांढरा पडदा ठेवा’ हा सल्लाही ऐकू येतो, पण तो टीएन जातीच्या पडद्यांना शोभतो. त्यांत पांढऱ्याला दाब जवळजवळ लागत नाही. आजच्या आयपीएस आणि व्हीए पडद्यांत उलटं असतं: विश्रांती काळ्यावर, कमाल ताण पांढऱ्यावर. त्यांना रात्रभर पांढरं दाखवणं म्हणजे थकलेल्याला पळायला लावणं.

रंग भराभर लुकलुकवणारे ‘पिक्सेल दुरुस्ती’चे व्हिडिओ मी लावत नाही. ते अडकलेल्या पिक्सेलसाठी आहेत, आणि फिट येणाऱ्या माणसासाठी धोक्याचेही. शिवाय लुकलुक पडद्याच्या अधिक-उण्याच्या तालावर जुळली तर रोगच वाढेल. गेम खेळणाऱ्यांना हा अनुभव आहे. १२० हर्ट्‌झवर एक फ्रेम चित्राची आणि एक काळी अशी सोय सॉफ्टवेअरमधून चालू केली की चित्र दरवेळी ‘अधिक’च्या पाळीत आणि काळं दरवेळी ‘उणे’च्या पाळीत येऊ शकतं. मग बाकी एकाच बाजूला साठते आणि थोड्याच वेळात भूत उमटतं. १८० हर्ट्‌झवर तीन फ्रेमांचं चक्र असलं की पाळी आपोआप बदलत राहते.

सेटिंगमध्ये मी पहिली गोष्ट बदलली ती पडदा बंद होण्याची वेळ. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर एवढं पुरतं. पाच मिनिटं हात लागला नाही की पडदा बंद:

```
powercfg /change monitor-timeout-ac 5
```

पण समोर बसून सात तास टंकणाऱ्याला याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी टास्कबार आपोआप लपणारा ठेवावा, आणि दुपारी तक्त्याची खिडकी थोडी बाजूला सरकवावी. कॉन्ट्रास्ट दोन-चार घरं उतरवला की पांढऱ्याचा दाब खरोखर कमी होतो. ब्राइटनेस उतरवून दाब बदलत नाही, कारण बहुतेक मॉनिटरांत ते बटण मागच्या दिव्याचं असतं. तरी ते मी उतरवतोच. दिवा मंद झाला की पडदा कमी तापतो, आणि गरम द्रव पातळ होऊन त्यातले कण चपळ होतात. एप्रिल-मे महिन्यात, पश्चिमेच्या खिडकीशेजारी, माझे चौकोन दुपारच्या जेवणाआधीच उमटायचे.

टेबल आता उत्तरेच्या भिंतीला लावलंय. परवा सहा वाजता राखाडी पान लावून पाहिलं, तर टास्कबारच्या जागी एक पुसट रेघ होती. लपवायचं सेटिंग अपडेटनंतर उडालं होतं.