आपसमेळ योजना आणि नोंदणीची उलाढाल-मर्यादा (वस्तू व सेवा कर)

वस्तू व सेवा कर कायद्यात अगदी लहान विक्रेत्यासाठी दोन सवलती आहेत. ठरावीक उलाढालीपर्यंत त्याला नोंदणीच करावी लागत नाही. नोंदणी केली, तरी नेहमीच्या पद्धतीऐवजी तो उलाढालीवर थोडा ठोक कर भरून मोकळा होऊ शकतो. या दुसऱ्या सवलतीला आपसमेळ योजना म्हणतात, व्यापाऱ्यांच्या तोंडी ती ‘कंपोझिशन’ असते. दोन्हींची किंमत एकच आहे: खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, विक्रेत्याला मिळत नाही आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या व्यावसायिकालाही मिळत नाही.

नोंदणीची मर्यादा मुळात २० लाख रुपये होती. १ एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी ती ४० लाख झाली. सेवा देणाऱ्यांसाठी २० लाखच राहिली. काही राज्यांत मर्यादा याहून कमी आहे. ‘केवळ वस्तू’ या शब्दांकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. पंखे विकणारा दुकानदार दुरुस्तीचेही पैसे घेऊ लागला, की त्याची मर्यादा २० लाखांवर येते. शिवाय मोजायची असते ती एका पॅनखालची देशभरातली एकूण उलाढाल, आणि तिच्यात करमाफ मालाची विक्रीही धरली जाते. वर्षाला ३५ लाखांचे सुटे धान्य आणि ६ लाखांचा साबण विकणाऱ्याची करपात्र विक्री ६ लाखांचीच असते, पण उलाढाल ४१ लाखांची होते आणि नोंदणी बंधनकारक ठरते. नुसते करमाफ धान्य विकणाऱ्याला मात्र कितीही उलाढाल झाली तरी नोंदणी नको. परराज्यात करपात्र माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ऑनलाइन मंचावरून विकणाऱ्यांवरही अशीच सक्ती आहे, पण राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना तिच्यातून १ ऑक्टोबर २०२३ पासून अटींसह सूट आहे.

आपसमेळ योजना कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. वस्तूंचे व्यापारी, उत्पादक आणि उपाहारगृहे यांना मागील वर्षीची उलाढाल दीड कोटीपर्यंत असल्यास ती घेता येते. काही राज्यांत ही मर्यादा ७५ लाख आहे. व्यापारी आणि उत्पादक १ टक्का भरतात, मद्य न देणारी उपाहारगृहे ५ टक्के. सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची वेगळी सोय आहे. आइस्क्रीम, पानमसाला, तंबाखू यांसारख्या मालाचे उत्पादक योजनेबाहेर आहेत, आणि योजनेतल्या विक्रेत्याला परराज्यात विक्री करता येत नाही. आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी CMP-02 भरून योजनेत यायचे, दर तिमाहीला CMP-08 ने कर भरायचा आणि वर्षअखेरीस GSTR-4 हे एकच विवरणपत्र द्यायचे. हा कर ग्राहकाकडून वेगळा वसूल करता येत नाही. म्हणून बिलाचे नावही ‘टॅक्स इन्व्हॉइस’ नसून ‘बिल ऑफ सप्लाय’ असते.

आता खरा प्रश्न वजावटीचा. एका वस्तूची खरेदी किंमत १०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, असे धरू. नेहमीच्या पद्धतीतला व्यापारी १८ रुपये वजा मिळवतो, म्हणून त्याला वस्तू १०० ला पडते. बिननोंदणीच्या आणि आपसमेळीतल्या व्यापाऱ्याला ती ११८ ला पडते. नोंदणी नसलेला विक्रेता करमुक्त असतो, हा समज इथेच चुकतो: तो सरकारला थेट काही देत नाही, पण खरेदीवरचा पूर्ण कर त्याच्या खर्चात मुरलेला असतो.

तिघेही ही वस्तू घरगुती ग्राहकाला १४१ रुपये ६० पैशांना विकतात. नेहमीच्या पद्धतीतल्याच्या त्या किमतीत २१ रुपये ६० पैसे कर आहे, म्हणून हाती १२० येतात आणि नफा २० रुपये. बिननोंदणीच्या विक्रेत्याला २३ रुपये ६० पैसे सुटतात. आपसमेळीतला सुमारे १ रुपया ४२ पैसे कर भरतो आणि त्याला सुमारे २२ रुपये १८ पैसे उरतात. घरगुती ग्राहकाला वजावटीशी देणेघेणे नसल्यामुळे इथे सवलत उपयोगी पडते.

खरेदीदार नोंदणीकृत कारखाना असेल, तर चित्र उलटते. नेहमीच्या पद्धतीतल्या व्यापाऱ्याने १२० अधिक कर असे बिल दिले, की कारखाना कराची वजावट घेतो आणि त्याला वस्तू १२० ला पडते. आपसमेळीतल्याने १२० लाच द्यायचे म्हटले, तर त्याच्या हाती ८० पैसे उरतात. तेवढेच २० रुपये कमवायचे, तर त्याला सुमारे १३९ रुपये ४० पैसे लावावे लागतील, आणि इतका महाग माल कारखाना घेणार नाही. ‘तुमचं बिल चालत नाही,’ असे खरेदी विभागाकडून ऐकू येऊ लागले, की नुकसान सुरू झाले असे समजावे.

फक्त घरगुती ग्राहक असले, तरी १ टक्का नेहमीच स्वस्त पडतो असे नाही, आणि माझ्या मते या योजनेतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. वरच्या हिशेबात मूळ किमतीवरचा नफा सुमारे ७ टक्क्यांहून कमी असेल, तर वजावट घेणारी नेहमीची पद्धत अधिक पैसे देते. ५ टक्के कराच्या मालात ही सीमा साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास जाते. १०० ची वस्तू २० रुपये नफ्याने, म्हणजे करासह १२६ ला विकली, तर आपसमेळीत १ रुपया २६ पैसे कर आणि १०५ खर्च वजा जाता १९ रुपये ७४ पैसे राहतात. नेहमीच्या पद्धतीत पूर्ण २०. कारण १ टक्का संपूर्ण विक्रीवर लागतो, तर नेहमीच्या पद्धतीत कराचा भार फक्त नफ्याएवढ्या वाढीवर पडतो. कमी कराचा, कमी नफ्याचा आणि जास्त फिरणारा माल विकणाऱ्याने म्हणूनच नफ्याचा टक्का आधी तपासावा. हा फरक पैशांत लहान असला, तर हिशेबनिसाचा खर्च आणि विवरणपत्रांची दगदग लक्षात घेऊन योजनेत राहणे शहाणपणाचे ठरू शकते.

योजनेत येता-जाता शिल्लक मालाचा हिशेब द्यावा लागतो. नेहमीच्या पद्धतीतून आपसमेळीत येताना शिल्लक मालावर घेतलेली वजावट ITC-03 द्वारे परत करावी लागते. बाहेर पडताना शिल्लक मालावरची वजावट ITC-01 ने मागता येते, पण एक वर्षाहून जुन्या खरेदी बिलांवर नाही. चालू वर्षात उलाढाल दीड कोटी ओलांडते, त्याच दिवसापासून योजनेचा हक्क संपतो. तेथून पुढच्या विक्रीवर नेहमीचा दर लागतो आणि सात दिवसांत CMP-04 भरावा लागतो. महिना संपल्यावर उलाढाल पाहणारा दुकानदार इथे फसतो: मधल्या दिवसांत ग्राहकाकडून न घेतलेला १८ टक्के कर त्याला स्वतःच्या नफ्यातून द्यावा लागतो. दीड कोटीच्या जवळ पोहोचलेल्याने उलाढालीची बेरीज रोज ठेवावी, आणि मुख्य खरेदीदार नोंदणीकृत असतील तर नोंदणीच्या मर्यादेखाली असूनही कलम २५ नुसार स्वेच्छेने नेहमीची नोंदणी घ्यावी.